नफा वहीत, पैसा बाजारात

वसई पूर्वेचा प्लंबिंगच्या सामानाचा एक घाऊक व्यापारी डोळ्यांसमोर आणा. आकडे हिशेबाला सोपे जावेत म्हणून मी ठरवले आहेत, पण चित्र इथल्या कोणत्याही गाळ्यात सापडेल. नालासोपारा-विरारचे कंत्राटदार आणि किरकोळ दुकानदार ही त्याची गिऱ्हाइकं. वर्षाची विक्री जीएसटी सोडून ३ कोटी ६५ लाख, म्हणजे रोजची एक लाख. विकलेल्या मालाची खरेदी किंमत रोजची ८० हजार. वर्षाअखेर नफा दिसतो, तरी कॅश क्रेडिट खातं कायम मर्यादेला टेकलेलं असतं आणि २० तारखेला जीएसटी भरताना धावपळ होते. कर बिल फाडल्यावर लागू होतो, गिऱ्हाइकानं पैसे दिल्यावर नाही.

पैसा कुठे अडकलाय, हे तीन भागाकारांत कळतं. गिऱ्हाइकांकडून येणं ८८ लाख ५० हजार आहे. अनेक जण ते थेट एक लाखानं भागतात आणि उत्तर ८८ दिवस काढतात. हे चुकतं, कारण येण्यात १८ टक्के जीएसटी धरलेला असतो आणि विक्रीत नसतो. रोजची विक्री करासह १ लाख १८ हजार धरली की खरे ७५ दिवस येतात. गोदामात ४८ लाखांचा माल आहे. त्याला विक्रीनं नाही, तर खरेदी किमतीच्या ८० हजारांनी भागायचं, म्हणजे ६० दिवस. पुरवठादारांचं देणं २८ लाख ३२ हजार, रोजची खरेदी करासह ९४ हजार ४००, म्हणजे ३० दिवस. पंचाहत्तर अधिक साठ, वजा तीस. पुरवठादाराला दिलेला रुपया गिऱ्हाइकाकडून परत यायला १०५ दिवस लागतात, आणि तेवढे दिवस तो बँकेकडून व्याजानं आणावा लागतो. धंदा २० टक्के वाढला आणि दिवस तेच राहिले, तर येणं अधिक माल वजा देणं मिळून आज अडकलेल्या १ कोटी ८ लाखांत आणखी सुमारे साडेएकवीस लाखांची भर पडते. भरभराटीच्या वर्षी पैशाची चणचण वाढते ती यामुळे.

सुरुवात येण्यापासून करावी, कारण इथला एकेक दिवस १ लाख १८ हजारांचा आहे. मात्र ७५ ही सरासरी फसवी असते. बिलांच्या वयानुसार यादी काढली की चित्र बदलतं: बहुतेक दुकानदार ४५ दिवसांत देतात आणि मोठी रक्कम तीन-चार कंत्राटदारांकडे १२० दिवसांच्या पुढे पडलेली असते. अशा ९० दिवसांपुढच्या येण्यावर अनेक बँका कर्जाची उचल देत नाहीत, म्हणजे त्याचा भार दुहेरी. तगादा लावण्याआधी बिल का अडलं ते विचारावं. पुष्कळदा साइटवर माल उतरवला तेव्हा चलनावर सही घेतलेली नसते, किंवा दर तोंडी ठरलेला असतो. सहीचं चलन बिलासोबत त्याच दिवशी पाठवणं आणि ठरलेली मुदत उलटली की पुढचा माल थांबवणं, एवढं नेमानं झालं तरी १५ दिवस कमी होऊ शकतात. त्यातून १७ लाख ७० हजार सुटतात. एखादं गिऱ्हाईक तुटेलही. पण चार-चार महिने पैसे न देणाऱ्या गिऱ्हाइकावर मिळणारा नफा व्याज वजा करून पुन्हा मोजून पाहावा.

मालाचा एक दिवस ८० हजारांचा. भिवंडीच्या गोदामांतून चिंचोटी-अंजूरफाटा रस्त्यानं माल लवकर येऊ शकत असेल, तर खपणाऱ्या मापांचा दोन महिन्यांचा साठा कशाला? ऑर्डर छोटी आणि वारंवार केली तर १२ दिवस, म्हणजे ९ लाख ६० हजार मोकळे होतात. न खपणारी मापं वेगळी काढावी लागतात. ती पडत्या भावात जातात, त्यामुळे वहीतली पूर्ण किंमत हाती येत नाही. शिवाय पावसाळ्याआधी भरलेला साठा आणि ३१ मार्चचा साठा सारखा नसतो, म्हणून हे आकडे दर महिन्याला काढावेत.

दोन्ही मिळून २७ लाख ३० हजार. ही रक्कम एकदाच सुटते, पण ११ टक्के दरानं वर्षाचं तीन लाखांचं व्याज पुढेही वाचत राहतं.

देणं लांबवणं सगळ्यांत सोपं वाटतं, पण मी तिथे हात आखडता घेईन. पुरवठादार सात दिवसांत पैसे दिल्यास दोन टक्के सूट देत असेल, तर ती सोडून तीस दिवस घेणं म्हणजे २३ दिवसांसाठी दोन टक्के मोजणं, वर्षाला सुमारे ३२ टक्के. शिवाय वालीव-सातिवलीच्या नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाकडून माल घेतला असेल, तर २००६ च्या कायद्यानं लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवस मिळतात, करार नसेल तर १५. मुदत उलटली की बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं, आणि २०२३ च्या वित्त कायद्यापासून त्या खरेदीची वजावट प्रत्यक्ष पैसे दिल्याच्या वर्षीच मिळते. व्यापाऱ्यांना मात्र २०२१ मध्ये उद्यम नोंदणी पुन्हा खुली झाली ती प्राधान्य कर्जापुरती. आपलं येणं वसूल करायला ४५ दिवसांचा हा कायदा त्यांच्या कामी येत नाही; तिथे सहीचं चलन आणि लेखी मुदतच हवी.