पिवळ्या डागाचा आकार वाचा

ठिबकवरच्या उसात उभं राहिलं की दोन-चार सऱ्यांपलीकडचं काही दिसत नाही. तोच प्लॉट ड्रोनने ४० मीटर उंचीवरून, कॅमेरा सरळ खाली रोखून टिपला, की फिकट पडलेला भाग लगेच नजरेत भरतो. पण नुसत्या फिकट रंगावरून कारण कळत नाही. ते कळतं डागाच्या आकारावरून.

समजा, तीन एकरांचा प्लॉट आहे. एकच ओळ मधून शेवटपर्यंत फिकट असेल, तर त्या ओळीची नळी मुडपली आहे किंवा तिचे ड्रिपर क्षारांनी चोंदले आहेत. सगळ्याच ओळींची शेपटाकडची टोकं फिकट असतील, तर दाब तिथवर पोचत नाही. डाग ओळींना न जुमानता वेडावाकडा पसरला असेल, तर दोष बहुधा पाण्यापेक्षा मातीचा असतो. वर मुरूम आलेला असतो किंवा खाली चोपण असतं. वाळलेली बेटं ठिपक्याठिपक्यांनी दिसली, तर बेट उपटून पाहावं. हुमणीने मुळं खाल्ली असतील तर ते सहज हातात येतं.

चित्रीकरणात एक फसगत नेहमी होते. गडद पानांवरून उघड्या मातीवर जाताना कॅमेरा आपोआप उजेड कमी-जास्त करतो आणि निरोगी पट्टाही वेगळ्या रंगाचा भासतो. म्हणून एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स आधीच लॉक करावेत आणि ढगांची सावली सरकत असताना उडवू नये. तरीही शंका आली तर त्याच पट्ट्यावरून उलट दिशेने परत यावं. खरा डाग जमिनीवर जागचा हलत नाही. उजेडाचा असेल तर तो जागा बदलतो.

एवढं करूनही वरून तहान आणि लोहाची कमतरता सारखीच पिवळी दिसू शकते. पाणी साचूनही पानं पिवळी पडतात. शिवाय साध्या कॅमेऱ्याला ताण उशिरा कळतो. पाणी कमी पडलं की पान बाष्प सोडणं कमी करतं आणि तापतं. ही वाढलेली उष्णता थर्मल कॅमेऱ्याला रंग बदलण्याआधी टिपता येते.

त्यामुळे निकाल जमिनीवरच लागतो. ताशी ४ लिटरच्या ड्रिपरखाली खड्डा करून भांडं ठेवलं, तर ६ मिनिटांत ४०० मिलिलिटर पाणी जमायला हवं. साध्या ड्रिपरचा दाब निम्मा झाला तर पाणी निम्मं होत नाही, २८० मिलिलिटरच्या आसपास येतं. शेपटाकडच्या बहुतेक ड्रिपरखाली इतकंच भरलं, तर आधी फिल्टर धुवा आणि सबमेनवर दाब मोजा. एका नळीत शेजारशेजारचे आकडे फार वेगळे आले, तर टोक उघडून नळी फ्लश करा आणि गरज पडल्यास जाणकाराच्या देखरेखीखाली आम्लप्रक्रिया करा. सगळीकडे ४०० भरलं, तरच माती तपासायला पाठवा. हे मोजमाप होईपर्यंत पिवळ्या डागावर युरियाचं पोतं रिकामं करू नका.