ताटलीच्या पाठीवरचे पाच टाके

उल्हासनगरच्या कॅम्प नंबर चारमधल्या एका घरात आजींनी ट्रंकेतून ओढणीत गुंडाळलेली चिनी मातीची ताटली काढली आणि माझ्यासमोर टेबलावर पालथी ठेवली. वरची बाजू मी आधीच पाहिली होती. मध्ये फुलपाखरू, भोवती चार कप्पे, दोन कप्प्यांत झोकदार कपड्यांतली माणसं आणि दोन कप्प्यांत फुलं-पाखरं, सगळीकडे गुलाबी आणि हिरवा रंग. पाठीवर मात्र काठापासून काठापर्यंत एक वाकडी तपकिरी रेघ गेली होती आणि त्या रेघेवर आडवे पाच पितळी टाके बसले होते. स्टेपलरच्या पिनेसारखेच, पण जाड आणि हाताने घडवलेले.

"बेटा, हे टाके आहेत म्हणजे दोनशे वर्षांची तरी असेल ना?" आजींनी विचारलं. नातवाला कुणीतरी असंच सांगितलं होतं आणि त्यावरून किंमतही लाखाच्या घरात नेऊन ठेवली होती. हा समज फार ठिकाणी दिसतो. टाका हा जुनेपणाचा शिक्का आहे, असं लोक धरून चालतात. त्याला नेमकं काय सांगता येतं आणि काय येत नाही, हे कळायला आधी तो कसा घालतात ते पाहावं लागतं.

आजच्यासारखे पक्के गोंद नव्हते तेव्हा फुटलेली ताटली जोडण्याचा हा सर्वात भरवशाचा मार्ग होता. चीनमध्ये, इराणमध्ये, इंग्लंडमध्ये असे कारागीर दारोदार फिरत. कारागीर आधी दोन्ही तुकडे जुळवून दोरीने घट्ट बांधायचा. मग तड्याच्या दोन्ही बाजूंना, कडेपासून चार-सहा मिलिमीटर अंतरावर, समोरासमोर दोन भोकं पाडायची. त्यासाठी आपल्या सुताराच्या सामत्यासारखं, कमानीच्या दोरीने पुढे-मागे फिरणारं हत्यार असे आणि त्याच्या टोकाला हिऱ्याची बारीक कणी बसवलेली असे. पोर्सेलिनची झिलई पोलादाला दाद देत नाही. ज्याच्याकडे हिऱ्याचा सामता नाही त्याने चिनी भांड्याचं काम हाती घेऊ नये, अशा अर्थाची म्हणच चिनी भाषेत आहे.

भोक आरपार जात नाही, यातच सगळं कसब आहे. ताटलीची जाडी पाच मिलिमीटर असेल तर भोक अडीच-तीन मिलिमीटरवर थांबतं आणि आत जाताना किंचित तड्याकडे कललेलं असतं. म्हणूनच समोरून पाहिलं तर टाका दिसत नाही. मग पितळेची किंवा लोखंडाची तार घेऊन एका बाजूने कानशीने चपटी करायची आणि दोन्ही टोकं आत वळवून तिला पाय करायचे. पायांमधलं अंतर भोकांमधल्या अंतरापेक्षा केसभर कमी ठेवायचं. टाका जरा ताणून भोकांत बसवला की तो स्प्रिंगसारखा पुन्हा मिटू पाहतो आणि दोन्ही तुकडे एकमेकांवर दाबून धरतो. काही कारागीर तार तापवून बसवत. पंधरा मिलिमीटर पितळी तार दोनशे अंशांनी तापली तर सुमारे ०.०६ मिलिमीटर लांबते आणि निवताना तेवढीच आखडते. आकडा क्षुल्लक वाटतो, पण चिनी मातीसाठी तो पुरेसा आहे. ही माती दाब भरपूर सोसते, ताण मात्र सोसत नाही. टाका तड्याला सतत दाबाखाली ठेवतो, म्हणून गोंदाचा थेंब नसतानाही ताटली शंभर वर्षं एकसंध राहते. उरलेली फट आणि भोकं प्लास्टरने, नाहीतर चुना आणि अंड्याचा पांढरा बलक यांच्या लुकणाने भरली जात.

आता वयाकडे येऊ. टाका फुटण्यानंतरचा आणि फुटणं घडवण्यानंतरचं, एवढा क्रम पक्का. पण ताटली घडल्यावर दुसऱ्या दिवशी फुटली की ऐंशी वर्षांनी, हे तारेला माहीत नसतं. तिच्याकडून फक्त अलीकडची हद्द मिळते, तीही ढोबळ. सीबा या स्विस कंपनीचं अ‍ॅराल्डाइट १९४६ मध्ये आलं आणि पुढच्या काही दशकांत अशा गोंदांनी टाके घालणाऱ्यांचं काम संपवलं. म्हणजे अस्सल जुना टाका दिसला, तर वस्तू बहुधा विसाव्या शतकाच्या मध्याच्या आधी फुटली आणि त्याहीआधी घडली. दोनशे वर्षं यातून निघत नाहीत.

आजींच्या ताटलीचं वय नक्षीवरून जास्त नेमकं कळतं. चार कप्प्यांची ही गुलाबी मांडणी कँटनमध्ये परदेशी बाजारासाठी रंगवली जाई आणि ती एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून सर्रास दिसते. तेव्हा १८५० च्या फार मागे जाता येत नाही. पाठीवर 'चायना' असा इंग्रजी शिक्का नाही. अमेरिकेच्या कायद्यामुळे १८९१ पासून तिकडे जाणाऱ्या मालावर देशाचं नाव घालावं लागे, म्हणून शिक्का नसलेली वस्तू १८९१ च्या आधीची, असं पुष्कळदा सांगितलं जातं. पण आजींच्या सासरी, सिंधमध्ये, येणाऱ्या मालाला अमेरिकेचा कायदा कशाला लागू होईल? हा पुरावा इथे बाजूलाच ठेवावा लागतो.

खरा उपयोग झाला तो आजींच्या आठवणीचा. त्यांच्या सासऱ्यांचं घराणं सिंधमधल्या हैदराबादचं. तिथले सिंधवर्की व्यापारी १८६० च्या दशकापासून रेशीम आणि चिनी-जपानी शोभेच्या वस्तूंचा व्यापार करत आणि पुढे इजिप्तपासून जपानपर्यंत त्यांच्या पेढ्या होत्या. अशा घरात कँटनची ताटली असणं अगदी स्वाभाविक आहे. फाळणीनंतर कुटुंब कल्याणजवळच्या लष्करी छावणीत आलं. या छावणीचंच १९४९ मध्ये उल्हासनगर झालं. आजींना पक्कं आठवतं, की ताटली इकडे आली तेव्हाच तिला टाके होते. म्हणजे ती १९४७ च्या आधी फुटून सांधली गेली. तारेने दिलेल्या हद्दीपेक्षा ही हद्द जास्त नेमकी आहे. दोन्ही टोकं जुळवून माझा अंदाज ठरला : घडण साधारण १८५० नंतरची, सांधणी १९४७ पूर्वीची.

प्रयोगशाळेत जाऊन फार काही हाती लागलं नसतं. थर्मोल्युमिनसन्स चाचणीत माती शेवटची कधी भाजली गेली ते कळतं. पण त्यासाठी वस्तूला भोक पाडून नमुना घ्यावा लागतो आणि इतक्या अलीकडच्या ताटलीसाठी या चाचणीतली अनिश्चितता फार मोठी आहे. पितळेत जस्त किती, हेही मोजता येतं. युरोपातल्या जुन्या पद्धतीच्या पितळेत जस्त साधारण २८ टक्क्यांच्या वर जात नसे, म्हणून तिथे हा आकडा कामाचा ठरतो. पण राजस्थानात झावरला आणि चीनमध्येही शुद्ध जस्त कित्येक शतकं आधीपासून निघत होतं. आपल्याकडे जस्त जास्त सापडलं म्हणून पितळ नवं ठरत नाही.

टाके स्वतः जुने आहेत की नाहीत, हे मात्र भिंगाने बरंच कळतं, आणि ते पाहायलाच हवं. चीनमध्ये ही कला पुन्हा जोर धरते आहे, आणि जुनेपणाचा आव आणायला नवे टाके मारणं काही अवघड नाही. आजींच्या ताटलीवरचा एकही टाका दुसऱ्याशी तंतोतंत जुळत नाही, कानशीचे ओरखडे तिरपे आणि असमान आहेत. तार आणि झिलई यांच्या सांध्यात काळपट मळाची बारीक रेघ आहे, आणि तड्याचा तपकिरी रंग टाक्याखालूनही अखंड जातो. नव्या कामात तार कारखान्यातून आलेली, एकसारखी गोल असते, तडा स्वच्छ पांढरा असतो, आणि कधीकधी टाके तडा नाही तिथेही शोभेसाठी मारलेले असतात. अंधारात ३६५ नॅनोमीटरचा अतिनील टॉर्च मारला तर भोकातला आधुनिक गोंद बहुधा निळसर पांढरा चमकतो. आजींच्या ताटलीत तसं काही चमकलं नाही.

किमतीचा प्रश्न नातवासाठी महत्त्वाचा होता. जपानमध्ये तोक्यो राष्ट्रीय संग्रहालयात तेराव्या शतकातला हिरव्या झिलईचा एक चिनी वाडगा आहे, 'बाकोहान' नावाचा. पंधराव्या शतकात तो तडकला तेव्हा शोगुन आशिकागा योशिमासा याने तो चीनला पाठवून तसाच दुसरा मागवला, अशी कथा आहे. तसा वाडगा आता होणे नाही म्हणून चिनी लोकांनी तोच टाके घालून परत पाठवला. आज त्याची कीर्ती त्या टाक्यांमुळेच आहे. विकणारे हा दाखला हमखास देतात. पण तिथे मूळ वाडगाच असामान्य होता आणि त्याचा इतिहास लिहून ठेवलेला होता. कँटनच्या ताटल्या हजारोंनी झाल्या, अखंड ताटल्या आजही बाजारात मिळतात. अशा वस्तूला तडा असला की किंमत निम्म्याच्याही बरीच खाली येते आणि टाके ती परत वर नेत नाहीत. टाक्यांवरच जीव असलेले मोजके संग्राहक आहेत, ते थोडे जास्त देतात, इतकंच. टाके घातले म्हणजे वस्तू मौल्यवान असणार, हेही खरं नाही. मजुरी स्वस्त होती तेव्हा लोक रोजच्या बश्याही सांधून घेत.

टाके उपटले की मात्र नक्की नुकसान होतं. बदलापूर गावातल्या एका जुन्या घरातली लोणच्याची बरणी मी पाहिली, तिला लोखंडी टाके होते. लोखंड गंजलं की गंज मूळ धातूच्या दुपटीहून जास्त जागा घेतो. उल्हास नदीकाठच्या दमट पावसाळ्यांत तो भोकात फुगत गेला आणि त्याने झिलईचे कपचे उडवले. घरच्यांनी पकडीने टाके ओढून काढले तेव्हा भोकांभोवतीची झिलईही सोबत निघाली. संग्रहालयातला जाणकार असा टाका काढायचाच झाला तर मधोमध बारीक करवतीने कापतो, म्हणजे ताण आधी सुटतो आणि पाय सुखरूप बाहेर येतात. पितळी टाके घट्ट असतील तर तोही त्यांना हात लावत नाही. पितळी टाक्यांच्या भांड्यांत आंबट पदार्थ मात्र ठेवू नयेत, पितळेला हिरवा कळंक चढतो.

आणखी एक गोष्ट नातवाला सांगितली. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी अशी वस्तू पुरावशेषात मोडू शकते. पुरावशेष खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता किंवा पाठवता येत नाही, आणि त्यांचा व्यापार करणाऱ्याला परवाना लागतो. परदेशातल्या ग्राहकाचं नाव घेऊन कुणी दारात आलं तर सावध राहावं.

आजींनी ताटली विकायची नाही असं ठरवलं. आमच्या या भागात ज्यांच्या घरी अशी सांधलेली भांडी असतील त्यांना माझी विनंती आहे : टाके घासू नका, उपटू नका, आणि वस्तू घरात कधी व कुणाबरोबर आली ते घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून एका कागदावर लिहा, खाली तारीख घाला आणि तो कागद भांड्यासोबतच ठेवा.