ईआरपीचं कोटेशन आणि पाच वर्षांचा खरा खर्च

समजा, दहा जण वापरणारं छोटं वर्कशॉप आहे. लायसन्स माणशी महिना 1,000 रुपये, म्हणजे पाच वर्षांत 6 लाख. कोटेशनमध्ये ठळक दिसतो तो हाच आकडा. बसवण्याचे 3 लाख आणि सपोर्टचे वर्षाला 60,000 धरले, की बेरीज 12 लाख होते.

कोटेशनमध्ये न येणारा खर्च आपल्याच पगारपत्रकात असतो. स्टोअरमध्ये एकच बोल्ट ‘एम10’, ‘10 एमएम’ आणि ‘बोल्ट मोठा’ अशा तीन नावांनी पडलेला असतो. ईआरपीत भरण्याआधी मालाची ही यादी साफ करावी लागते; ते काम व्हेंडर करत नाही, कारण कुठला बोल्ट कुठला हे स्टोअरकीपरलाच माहीत. 25,000 पगाराची दोन माणसं दोन महिने रोज अर्धा दिवस यात गुंतली, तर 50,000 तिथेच संपले. पुढे काही महिने टॅली आणि ईआरपी दोन्हीकडे एन्ट्री, शिवाय शिकलेला माणूस नोकरी सोडून गेला की नव्याचं ट्रेनिंग.

ईआरपीनेक्स्टसारखं ओपन सोर्स घेतलं तर लायसन्सचे पैसे वाचतात. सर्व्हर, बॅकअप आणि बाकी सगळं राहतंच. आणि ‘आमच्या पद्धतीचं’ चलन कोड बदलून करून घेतलंत, तर प्रत्येक मोठ्या अपग्रेडला ते पुन्हा तपासावं लागतं. त्याचं बिल वेगळं, हे करारात आधीच लिहून घ्या.