ताळा जमतो, तरी अवयव पडत नाहीत

x⁴ + 4 आणि x⁴ + 1 या दोन बहुपदी शेजारी शेजारी लिहिल्या तर जुळ्या बहिणींसारख्या दिसतात. एकीचे अवयव पडत असतील तर दुसरीचेही पडतील असे कुणालाही वाटेल. पहिलीचे पडतात. 4x² मिळवायचे आणि लगेच वजा करायचे, म्हणजे वर्गांची वजाबाकी तयार होते:

x⁴ + 4 = (x² + 2)² − (2x)² = (x² + 2x + 2)(x² − 2x + 2)

दुसरीला हीच युक्ती लावली तर (x² + 1)² − 2x² मिळते. इथे 2x² हा कशाचा वर्ग? √2 वापरायची मुभा असेल तर तो (√2x) चा वर्ग आहे आणि अवयव लगेच पडतात. पण सहगुणक म्हणून फक्त परिमेय संख्या, म्हणजे पूर्णांक आणि अपूर्णांक, एवढेच चालणार असतील तर युक्ती फसते. अर्थात एक युक्ती फसली म्हणून अवयव नाहीतच असे म्हणता येत नाही. कदाचित दुसरी एखादी युक्ती असेल, जी आपल्याला सुचली नसेल. शाळेत आपण अवयव पाडायला शिकतो. ते पडतच नाहीत हे सिद्ध कसे करायचे, हा प्रश्न मात्र मागे राहतो. जिचे परिमेय सहगुणकांचे अवयव पडत नाहीत, तिला परिमेय संख्यांवर अविभाज्य बहुपदी म्हणतात.

अपूर्णांक तर अगणित. सगळे तपासून कसे पाहणार? इथे गाऊस मदतीला येतो. १८०१ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या अंकशास्त्रावरील लॅटिन ग्रंथात याचे बीज आहे. पूर्णांक सहगुणकांची बहुपदी अपूर्णांक वापरून फुटत असेल, तर ती पूर्णांक वापरूनही फुटते, तितक्याच कोटीच्या तुकड्यांत. त्यामुळे आपल्याला फक्त पूर्णांकांतले अवयव नाहीत एवढेच दाखवायचे उरते. पुढच्या सगळ्या कसोट्या या आधारावर उभ्या आहेत.

पहिली कसोटी उकलीची. 60 अंशाचा कोन पट्टी आणि कंपास वापरून त्रिभाजित करता येईल का, हा ग्रीकांच्या काळापासूनचा प्रश्न एका छोट्या बहुपदीवर येऊन थांबतो. 20 अंशाच्या कोज्येच्या दुपटीला y म्हटले, तर त्रिकोणमितीच्या सूत्रावरून y³ − 3y − 1 = 0 मिळते. ही बहुपदी फुटेल का?

तिची कोटी तीन आहे. ती फुटलीच, तर एक तुकडा पहिल्या कोटीचा असणार, आणि पहिल्या कोटीचा तुकडा म्हणजे एक परिमेय उकल. समजा ती उकल अतिसंक्षिप्त रूपात r/s आहे. समीकरणात घालून छेद काढून टाकले तर r³ = s²(3r + s) उरते. उजव्या बाजूला s ने निःशेष भाग जातो, म्हणून डाव्या बाजूलाही जायला हवा. पण r आणि s यांत सामाईक अवयव नाही, तेव्हा s हा 1 किंवा −1 च असू शकतो. तेच समीकरण s³ = r(r² − 3s²) असे लिहिले की r बद्दलही तेच निघते. म्हणजे अनंत अपूर्णांकांतून दोनच उमेदवार उरले: 1 आणि −1. पहिला घातला तर किंमत −3 येते, दुसरा घातला तर 1 येते. शून्य कुठेच नाही, म्हणून बहुपदी अविभाज्य. नियम सगळीकडे हाच: अंशाने स्थिर पदाला भाग गेला पाहिजे आणि छेदाने सर्वांत मोठ्या घाताच्या सहगुणकाला.

१८३७ साली पिएर वँत्सेल या फ्रेंच गणितज्ञाने दाखवले की पट्टी-कंपासने मिळणाऱ्या लांबीच्या अविभाज्य समीकरणाची कोटी 1, 2, 4, 8 अशी दोनाच्या घातांतलीच असते. तीन त्यात बसत नाही. म्हणून 60 अंशाचे त्रिभाजन अशक्य. दोन संख्या घालून पाहण्याच्या कामाने दोन हजार वर्षांचा प्रश्न असा मिटतो.

ही कसोटी दुसऱ्या आणि तिसऱ्या कोटीपर्यंत पुरते. चौथ्या कोटीला दगा देते, कारण चौथ्या कोटीची बहुपदी दोन-दोन कोटीच्या तुकड्यांत फुटू शकते आणि त्या तुकड्यांना परिमेय उकल असायलाच हवी असे नाही. आपली x⁴ + 4 याचेच उदाहरण. तिची किंमत कधीच शून्य होत नाही, कारण ती नेहमी चार किंवा त्याहून मोठी असते, तरीही ती फुटते. ‘उकल नाही, म्हणून अवयव नाहीत’ हा निष्कर्ष इथे साफ चुकतो.

दुसरी कसोटी समजायला जुन्या हिशेबातला नवाचा ताळा आठवावा. 23 × 14 = 322 हे बरोबर आहे का? 23 च्या अंकांची बेरीज 5, 14 ची 5, गुणाकार 25, त्याची बेरीज 7. उत्तराच्या अंकांची बेरीजही 7. ताळा जमला. खरे तर आपण प्रत्येक संख्येला नऊने भागून उरणारी बाकी पाहत असतो. ताळा जमला नाही तर गुणाकार नक्की चुकला. ताळा जमला तर मात्र खात्री नाही. 322 च्या जागी चुकून 232 लिहिले असते तरी ताळा जमलाच असता.

बहुपदीचाही असाच ताळा पाहता येतो. नऊऐवजी एखादी मूळ संख्या घ्यायची आणि प्रत्येक सहगुणकाच्या जागी त्याची बाकी ठेवायची. x⁴ + 10x³ − 4x² + 7x + 15 ही बहुपदी घेऊ आणि दोनने ताळा पाहू. सम सहगुणक शून्य होतात, विषम सहगुणक एक होतात, आणि उरते x⁴ + x + 1. या बाक्यांच्या जगात 0 आणि 1 या दोनच संख्या आहेत, त्यामुळे सगळे उमेदवार हातावर मोजता येतात. 0 घातला तरी 1 येतो, 1 घातला तरी 1 च येतो, म्हणून पहिल्या कोटीचा तुकडा नाही. दुसऱ्या कोटीच्या बहुपदी चारच आहेत. त्यांपैकी तीन स्वतःच पहिल्या कोटीत फुटतात, म्हणून बाद. उरली x² + x + 1, आणि तिचा वर्ग येतो x⁴ + x² + 1. तो आपला नव्हे. बाक्यांच्या जगातसुद्धा ही बहुपदी फुटत नाही. पूर्णांकांत फुटली असती तर त्या तुकड्यांच्या बाक्यांनी इथेही तिला फोडले असते. म्हणून मूळ बहुपदी अविभाज्य.

एक पथ्य मात्र पाळायचे: निवडलेल्या मूळ संख्येने पहिल्या सहगुणकाला भाग जाता कामा नये. 2x² + 3x + 1 चे अवयव (2x + 1)(x + 1) आहेत. पण दोनने ताळा पाहिला तर पहिले पद नाहीसे होते, x + 1 एवढेच उरते, आणि बहुपदी अविभाज्य असल्याचा भास होतो. कोटी उतरली की त्या ताळ्याला अर्थ राहत नाही.

आता x⁴ + 1 ला ताळा लावू. दोनच्या बाक्यांत ती (x + 1)⁴ आहे. फुटली. तीनच्या बाक्यांत (x² + x − 1)(x² − x − 1). पाचच्या बाक्यांत (x² + 2)(x² − 2). सातच्या बाक्यांत (x² + 3x + 1)(x² − 3x + 1). अकरा, तेरा, सतरा, कुठवरही गेलात तरी ती प्रत्येक वेळी फुटते. हा योगायोग नाही. तीच बहुपदी तीन प्रकारे लिहून पाहा:

x⁴ + 1 = (x² + 1)² − 2x²
x⁴ + 1 = (x² − 1)² − (−2)x²
x⁴ + 1 = (x²)² − (−1)

बाक्यांच्या जगात 2, −2 किंवा −1 यांपैकी एक जरी कुणाचा वर्ग निघाला, तरी वर्गांची वजाबाकी होऊन अवयव पडतात. आणि विषम मूळ संख्येच्या बाक्यांत नियम असा आहे की वर्ग नसलेल्या दोन संख्यांचा गुणाकार वर्ग असतो. 2 आणि −1 हे दोघेही वर्ग नसतील, तर त्यांचा गुणाकार −2 हा वर्ग असणारच. तिघांपैकी एकजण हमखास सापडतो. त्यामुळे ताळा प्रत्येक मूळ संख्येला जमतो. तरीही ताळा जमणे म्हणजे पुरावा नव्हे, हे नवाच्या ताळ्याने आपल्याला आधीच बजावलेले आहे.

इथे तिसरी कसोटी लागते. पाठ्यपुस्तकांत ती गोटहोल्ड आयझेनस्टाईन या जर्मन गणितज्ञाच्या नावाने आहे. त्याने ती १८५० साली मांडली आणि दोन वर्षांनी, अवघ्या २९ व्या वर्षी तो वारला. थिओडोर शोनेमान यांनी ती १८४६ मध्येच, त्याच नियतकालिकात दिली होती, म्हणून काही जण दोघांचीही नावे घेतात. कसोटी अशी: एक मूळ संख्या शोधा जिने पहिल्या सहगुणकाला भाग जात नाही, बाकी सगळ्यांना जातो, आणि तिच्या वर्गाने स्थिर पदाला भाग जात नाही. अशी संख्या सापडली की बहुपदी अविभाज्य.

x⁴ + 1 मध्ये स्थिर पद 1 आहे, त्याला कुठल्याच मूळ संख्येने भाग जात नाही. पण दोनच्या ताळ्यात ती (x + 1)⁴ होते, हे आपण पाहिले. त्यातच खूण दडली आहे. दोनच्या बाक्यांत +1 आणि −1 एकच, म्हणून x च्या जागी x + 1 लिहिले की त्या जगात नुसता x⁴ उरेल. असे सरकवल्याने फुटणे-न फुटणे बदलत नाही, कारण बहुपदी फुटत असेल तर तिचे तुकडेही तिच्याबरोबर सरकतात. विस्तार केला तर मिळते:

x⁴ + 4x³ + 6x² + 4x + 2

चार, सहा, चार, दोन हे सगळे सम आहेत, आणि दोनाला चारने भाग जात नाही. कसोटी लागू पडली.

ही कसोटी प्रत्येक अविभाज्य बहुपदीला लावता येत नाही. x² + 4 कितीही पूर्णांकांनी सरकवली तरी तिच्यासाठी अशी मूळ संख्या मिळत नाही, आणि तरीही ती अविभाज्य आहे. तिथे उकलीची कसोटी पुरते. यशस्वी झालेली कसोटी ठाम उत्तर देते. फसलेली कसोटी काहीच सांगत नाही.

आयझेनस्टाईनची कसोटी खरी का, हे आपल्याच उदाहरणात दिसते. समजा ही सरकवलेली बहुपदी दोन तुकड्यांत फुटली. दोनच्या ताळ्यात ती नुसता x⁴ आहे, तेव्हा प्रत्येक तुकडाही तिथे नुसता x चा घात असणार. म्हणजे दोन्ही तुकड्यांची स्थिर पदे सम. दोन सम संख्यांचा गुणाकार झाला की त्याला चारने भाग जातो. पण आपले स्थिर पद 2 आहे. म्हणून असे तुकडे असूच शकत नाहीत.

आता पुन्हा पहिल्या जुळीकडे, x⁴ + 4 कडे पाहा. तीही दोनच्या ताळ्यात नुसता x⁴ आहे, त्यामुळे तिच्याही तुकड्यांची स्थिर पदे समच असायला हवीत. आणि तशी ती आहेत: x² + 2x + 2 मध्ये 2, x² − 2x + 2 मध्येही 2. त्यांचा गुणाकार बरोबर 4 होतो, आणि तिचे स्थिर पदही 4 च आहे. एका जुळीकडे दोन सम संख्यांना पुरेल एवढे स्थिर पद होते, म्हणून ती फुटली; दुसरीकडे नव्हते, म्हणून ती अखंड राहिली.