स्क्रीन तुमची, रेकॉर्डिंग कोणाचं?

काम ठरतं, दर ठरतो, आणि मग क्लायंटचा निरोप येतो: "आमच्या प्लॅटफॉर्मवर लॉगिन करा, तिथला ट्रॅकर डाउनलोड करा आणि काम करताना सुरू ठेवा. तासांचा हिशोब त्यावरूनच होईल." हा ट्रॅकर नुसतं घड्याळ नसतो. टायमर चालू असेपर्यंत तो तुमच्या स्क्रीनचे फोटो किंवा व्हिडिओ घेतो, कीबोर्ड-माउसची हालचाल मोजतो आणि ते सगळं क्लायंटला दाखवतो. तासाच्या दराने घरून काम करणाऱ्यांना ही अट अनेकदा घातली जाते. ती मान्य करण्यात गैर काही नाही. पण त्याआधी रेकॉर्डिंग कोणाच्या ताब्यात राहणार आणि त्याच्या बदल्यात आपल्याला काय मिळणार, हे पाहायला हवं.

'अपवर्क'सारख्या बाजारपेठेत हा व्यवहार दोन्ही बाजूंचा असतो. तिथला ट्रॅकर दर दहा मिनिटांच्या टप्प्यात कधीतरी एक स्क्रीनशॉट घेतो आणि किती वेळा कळ दाबली, किती क्लिक झाले याची संख्या नोंदवतो. कोणती कळ दाबली, ते नोंदवत नाही. हे स्क्रीनशॉट फ्रीलान्सरलाही दिसतात. एखादा नको असेल तर तो काढून टाकता येतो, फक्त त्या टप्प्याचे पैसे सोडावे लागतात. याच्या मोबदल्यात एक संरक्षण असतं. ट्रॅकरवर नोंदलेले तास आठवड्याच्या ठरलेल्या मर्यादेत असतील, कामाचं वर्णन लिहिलेलं असेल आणि बाकीच्या अटी पाळल्या असतील, तर क्लायंटने पैसे नाकारले तरी ते मिळण्याची सोय असते. हाताने टाकलेल्या तासांना हे संरक्षण लागू होत नाही.

क्लायंटने स्वतःचा प्लॅटफॉर्म दिला की मधला तिसरा पक्ष राहत नाही. रेकॉर्डिंग त्याच्या खात्यात जमा होतं, नियम तो ठरवतो आणि वाद झाला तर पुरावाही त्याच्याकडेच असतो. 'हबस्टाफ', 'टाइम डॉक्टर' अशी सॉफ्टवेअर बऱ्याच कंपन्या वापरतात, पण नुसत्या नावावरून फारसं कळत नाही. एकाच सॉफ्टवेअरमध्ये एक क्लायंट तासाला मोजकेच आणि धूसर केलेले स्क्रीनशॉट घेतो, तर दुसरा स्पष्ट आणि भरपूर. 'टेरामाइंड'सारख्या प्रणालीत तर स्क्रीनचा सलग व्हिडिओ आणि दाबलेल्या कळासुद्धा नोंदवता येतात. म्हणून पहिला प्रश्न सेटिंग्जचा. स्क्रीनशॉट की व्हिडिओ? कळांची संख्या की मजकूर? वेबकॅम चालू होतो का? रेकॉर्डिंग मला दिसेल का, आणि चुकून टिपलेलं काढता येईल का?

दुसरा प्रश्न पैशांचा. नाशिकमध्ये घरून सबटायटलं करणारी एक अनुवादक आहे असं समजा. अमेरिकन कंपनीने तिला तासाला 12 डॉलर आणि आठवड्याला 20 तासांचं काम दिलं. ट्रॅकरची सेटिंग अशी की पाच मिनिटं कीबोर्ड किंवा माउस हलला नाही तर घड्याळ थांबतं. पण सबटायटलकाराला आधी भाग सलग बघावा लागतो. पात्रं एकमेकांना तू म्हणतील की तुम्ही, एखादा विनोद मराठीत कसा बसेल, हे ठरवताना हात स्थिरच असतात. शिवाय समन्वयकाशी फोनवर बोलणंही होतं. समजा, 20 तास बसून ट्रॅकरवर 17 तासच आले. मग 240 डॉलरऐवजी 204 डॉलर हातात पडतात आणि खरा दर तासाला 10 डॉलर 20 सेंटवर येतो. कोणी फसवलेलं नसतं, पण आठवड्याला 36 डॉलर गेलेले असतात.

यावर तीन उपाय आहेत. एक, घड्याळ थांबण्याची मर्यादा वाढवून घ्यायची आणि भाग पाहण्याचा, फोनचा वेळ हाताने टाकता येईल हे लेखी घ्यायचं. दोन, तूट धरूनच दर सांगायचा. वरच्या हिशोबात 20 तासांचे 240 डॉलर हवे असतील तर दर 14 डॉलरच्या थोडा वर लागेल. तीन, तासांवरचा व्यवहारच टाळायचा. सबटायटलांच्या कामात व्हिडिओच्या मिनिटांवर दर देण्याची पद्धत रूढ आहे. मिनिटांवर पैसे ठरले तर ट्रॅकरची गरजच उरत नाही. एक मात्र करू नये. माउस आपोआप हलवणारी उपकरणं लावू नयेत. हालचालीचा एकसुरी आलेख आणि न बदलणारी स्क्रीन यांतून ते पकडलं जातं, आणि मग खरे तासही संशयात सापडतात.

तिसरा प्रश्न सगळ्यांत दुर्लक्षिला जातो: स्क्रीनवर आणखी कोणाकोणाचं काय असतं? या अनुवादकाकडे मुंबईच्या प्रकाशकाचं अप्रकाशित पुस्तकही आहे आणि त्यासाठी तिने गोपनीयतेच्या करारावर सही केली आहे. ट्रॅकर चालू असताना तिने ती फाइल क्षणभर उघडली आणि नेमका तेव्हाच स्क्रीनशॉट निघाला, तर प्रकाशकाचा मजकूर तिसऱ्याच कंपनीच्या सर्व्हरवर जातो. दुसरा मॉनिटर जोडलेला असेल तर बहुतेक ट्रॅकर तोही टिपतात. कोपऱ्यात उमटणारा व्हॉट्सअ‍ॅपचा संदेश किंवा बँकेचं पान यालाही अपवाद नाही.

म्हणून ट्रॅकरसाठी संगणकावर वेगळं युजर खातं करावं. त्यात फक्त या क्लायंटच्या फाइली आणि वेगळा ब्राउझर ठेवावा, नोटिफिकेशन बंद करावीत. काम संपल्यावर नुसतं खातं बदलू नये, टायमर थांबवून लॉगआउट करावं. मॅकमध्ये स्क्रीन टिपण्याची परवानगी सेटिंग्जमध्ये द्यावी लागते आणि ती कोणाला दिली आहे हे तिथे दिसतं. विंडोजवर नेहमीच्या प्रोग्रॅमना अशी परवानगी मागावी लागत नाही, म्हणून तिथे अधिक सावध राहावं. ट्रॅकरने अ‍ॅडमिनचा पासवर्ड मागितला तर तो संपूर्ण मशीनवर बसू शकतो आणि मग वेगळं खातंही पुरेसं ठरत नाही. अशा वेळी क्लायंटकडे कंपनीचा लॅपटॉप किंवा रिमोट डेस्कटॉप मागणं रास्त आहे.

शेवटी, काम संपल्यावर काय? रेकॉर्डिंग किती काळ ठेवणार, ते कोण पाहू शकेल आणि करार संपल्यावर ते पुसणार का, हे आधीच विचारावं. दर आठवड्याच्या तासांची नोंद स्वतःकडेही ठेवावी, कारण खातं बंद झालं की प्लॅटफॉर्मवरचा हिशोब आपल्याला दिसेलच असं नाही. सुरुवातीला तासभराचं चाचणीकाम करून डॅशबोर्डवर काय उमटलं ते पाहावं आणि टायमर थांबवल्यावर ट्रॅकर खरोखर थांबतो का, हेही तपासावं.

यातला कोणताही प्रश्न क्लायंटवर अविश्वास दाखवणारा नाही. नीट काम करणारी कंपनी याची उत्तरं एका ई-मेलमध्ये देऊ शकते. जी देत नाही, तिचा ट्रॅकर आपल्या संगणकावर बसवू नये.