कंपनी नेमके काय बनवते? पेटंटची नोंद सांगते! पाहा नाशिकच्या ‘ईएसडीएस’चे उदाहरण

‘आमच्याकडे पेटंट घेतलेले तंत्रज्ञान आहे,’ असे नोकरीच्या मुलाखतीत कंपनी सांगते. त्यात तथ्य किती, हे मोबाइलवर फुकटात तपासता येते.

सातपूर एमआयडीसीतील ‘ईएसडीएस’चे उदाहरण घेऊ. पीयूष सोमाणी यांनी २००५ मध्ये सुरू केलेली ही कंपनी डेटा सेंटर आणि क्लाऊड सेवा देते. तिच्या ‘एनलाइट’ क्लाऊडच्या जाहिरातीत ‘ऑटो-स्केलिंग’च्या पेटंटचा उल्लेख असतो. `patents.google.com` उघडा आणि हे टाका:

```
assignee:"ESDS Software Solution"
```

`assignee` म्हणजे पेटंटचा मालक. अमेरिकी नोंद असेल तर क्रमांकाचा शेवट पाहा. `A1` म्हणजे अर्ज फक्त प्रसिद्ध झाला आहे. `B1` किंवा `B2` असेल तरच पेटंट मंजूर. जाहिरातीत अनेकदा दोन्ही एकाच दमात सांगितले जातात.

आता सारांश सोडून थेट `Claims` वाचा. हक्क मिळतो तो तिथे लिहिलेल्या गोष्टीवरच. ‘ऑटो-स्केलिंग’ या शब्दावर कोणाचीच मालकी नसते. लोड वाढला की नवे सर्व्हर जोडणे ही क्लाऊडमधली नेहमीची पद्धत. ‘एनलाइट’ मात्र चालू असलेल्या त्याच व्हर्च्युअल मशीनची रॅम आणि सीपीयू वाढवते, लोड उतरला की कमी करते. म्हणजे दाव्यात शोधायचे ते हेच: मागणी कशी ओळखली जाते आणि बदल कोणत्या क्रमाने होतो. पहिला दावा जितका लांब, तितक्या अटी जास्त आणि सहसा हक्क तितका अरुंद.

मग `Inventor` रकाना. मालक कंपनी असली तरी संशोधक म्हणून माणसांचीच नावे द्यावी लागतात. तेच नाव `inventor:"…"` असे उलट शोधा. चार-पाच नावे वर्षानुवर्षे पुन्हा दिसत असतील, तर आत टिकून असलेली टीम आहे. सगळीकडे फक्त संस्थापकाचेच नाव असेल, तर मुलाखतीत विचारायला चांगला प्रश्न मिळाला. संशोधकाचे नवे अर्ज दुसऱ्याच कंपनीच्या नावे असतील, तर तो बहुधा नोकरी सोडून गेला आहे. (नावे सारखी असू शकतात, तेव्हा विषयही जुळतो का ते बघा.)

भारतीय अर्जांसाठी पेटंट कार्यालयाचे ‘इनपास’ हे संकेतस्थळ पाहा. तिथे कंपनीच्या नावाचा पहिला शब्दच टाका; `Pvt Ltd` आणि `Private Limited` या फरकाने नोंदी निसटतात. आपल्या कायद्याच्या कलम ३(के) नुसार निव्वळ संगणक प्रोग्रॅमला पेटंट मिळत नाही. त्यामुळे सॉफ्टवेअर कंपनीची अमेरिकेत नोंद आहे आणि इथे नाही, यात लगेच संशय घेण्यासारखे काही नाही.

काहीच सापडले नाही तर? अर्ज साधारण १८ महिने गुप्त राहतो, त्यामुळे गेल्या दीड वर्षातले काम या नोंदींत बहुतेक दिसणारच नाही. शिवाय अनेक कंपन्या पेटंटच्या वाटेला न जाता कोड गुपितच ठेवतात.