तीन दरपत्रके आणि एक कागद

दरपत्रक हातात आले की आपली नजर आधी तळाच्या आकड्यावर जाते. किराणा, रंगकाम किंवा मांडव यांत ते एक वेळ चालून जाते, कारण मिळणारी वस्तू डोळ्यांना दिसते. वेबसाइटचे तसे नाही. तिथे तीन दुकानदार एकाच नावाखाली तीन निरनिराळ्या वस्तू विकत असतात.

महाडला माझी धाकटी बहीण व मेहुणे यांचे उतारूंसाठी खोल्यांचे छोटेसे घर आहे. रायगड पाहायला येणारी मंडळी तिथे उतरतात. पोलादपूरलाही त्यांनी चार खोल्या घेतल्या, म्हणजे आंबेनळी घाटाने प्रतापगड-महाबळेश्वरला जाणाऱ्यांची सोय. दोन्ही ठिकाणांची मिळून एक वेबसाइट करायचे ठरले आणि तीन ठिकाणांहून दरपत्रके आली. पहिले अठरा हजारांचे, दुसरे बत्तीस हजारांचे, तिसरे अठ्ठेचाळीस हजारांचे.

“दादा, यात पाहायचे काय आणखी?” बहीण म्हणाली. तिचा कौल अर्थातच अठरा हजारांना होता.

मी एक कोरा कागद घेतला व आपल्याला हवे काय, तेवढेच त्यावर लिहिले. पाच पाने, ती मराठीत व इंग्रजीत, चौकशीसाठी एक अर्ज, वेबसाइटचे नाव, म्हणजे डोमेन, आणि तिला राहायला जागा, म्हणजे होस्टिंग, ही दोन्ही तीन वर्षांसाठी. हाच कागद तिघांना पाठवला आणि प्रत्येक कलमापुढे ‘आहे’, ‘नाही’ किंवा ‘वेगळे इतके’ असे लिहून मागितले.

उत्तरे आली तेव्हा अठरा हजारांचे रूप पालटले. त्यांत इंग्रजी पानेच होती. मराठीचे साडेसात हजार निराळे. होस्टिंग पहिल्या वर्षी फुकट, पुढे दरसाल आठ हजार. शिवाय ‘मजकूर ग्राहकाने युनिकोडमध्ये द्यावा’ अशी बारीक ओळ होती. दरपत्रकातले खरे कळीचे वाक्य असे असते. बहिणीने मजकूर टायपिंगवाल्याकडून जुन्या फाँटमध्ये करून घेतला होता. तो फाँट नसलेल्या यंत्रावर त्याची नुसती अगम्य अक्षरे दिसतात. ओळखायची युक्ती सोपी आहे: त्यातली एक ओळ मोबाइलवर पाठवून पाहावी, वाचता आली नाही, तर मजकूर बदलून घ्यावा लागेल. बदलताना जोडाक्षरे व वेलांट्या बिघडतात, म्हणून पुन्हा तपासणी आली. त्याचे तीन हजार. एकूण चव्वेचाळीस हजार पाचशे, वर अठरा टक्के जीएसटी. बेरीज झाली ५२,५१० रुपये.

दुसऱ्यांच्या बत्तीस हजारांत दोन्ही भाषा होत्या. मजकूर बदलण्याचे तीन हजार आणि पुढच्या दोन वर्षांचे होस्टिंग पाच-पाच हजार धरून ४५,००० झाले. त्यांची वार्षिक उलाढाल वीस लाखांच्या आत असल्याने जीएसटीची नोंदणी नव्हती, म्हणून कर नाही.

तिसऱ्यांनी प्रत्येक कामाची किंमत वेगळी मांडली होती. त्यात खोलीचे पैसे वेबसाइटवरच भरून घेण्याच्या सोयीचे बारा हजार होते. पाहुणे आधी फोन करतात व पैसे येऊन देतात. तेव्हा ती सोय नको होती. शिवाय अशा भरण्यावर मधली कंपनी शंभरामागे साधारण दोन रुपये कापते, तो खर्च कायमचा. ते कलम काढले. मजकूर बदलणे आणि तीन वर्षांचे होस्टिंग उरलेल्या छत्तीस हजारांत होतेच. जीएसटीसह ४२,४८० रुपये!

म्हणजे क्रम अगदी उलटा झाला. पण महाग दिसणारा नेहमी स्वस्त पडतो, असा याचा अर्थ नव्हे. तिसऱ्यांनी कलमे सुटी लिहिली होती, म्हणून नको ते काढता आले, इतकेच.

दोन गोष्टी मात्र बेरजेत येत नाहीत. पहिली, डोमेन कोणाच्या नावावर नोंदले जाणार? एजन्सीच्या नावावर असेल, तर उद्या दुसरीकडे जाताना तिचीच मनधरणी करावी लागते. नोंदणी आपल्या नावाने व आपल्या ईमेलवर हवी, आणि बदलीसाठी लागणारा कोड मागताच मिळेल असे लेखी हवे. दुसरी, वेबसाइटची प्रत कुठे राहणार? जुलै २०२१च्या पुरात सावित्रीचे पाणी महाडच्या बाजारपेठेत शिरले, तेव्हा दुकानांतले संगणकही बुडाले. प्रत गावाबाहेर हवी, व ती दर महिन्याला घेतली जाते की नाही हे विचारायला हवे. आमच्या तिघांपैकी दोघांनी ‘बॅकअप समाविष्ट’ एवढेच लिहिले होते. कितीदा व कुठे, ते विचारल्यावर कळले.

कामाची सफाई कागदावर कळत नाही. त्यासाठी तिघांनी पूर्वी केलेल्या वेबसाइटी मेहुण्यांनी आंबेनळी घाटात, रेंज जेमतेम असताना, मोबाइलवर उघडून पाहिल्या. पाहुणा रस्त्यातून खोली शोधतो तो तिथूनच. एक उघडायला इतका वेळ लागला, की ते पुढच्या वळणावर पोहोचले!

काम तिसऱ्यांना दिले. बहिणीने तो कागद मात्र फाइलला लावून ठेवला आहे. तीन वर्षांनी नूतनीकरणाचे बिल येईल, तेव्हा ते त्याच्याशीच ताडून पाहायचे आहे.